‘माउली’चं इंग्रजी करताना: एक शब्द पुरत नाही तेव्हा

समजा, तुम्ही वारीवर संशोधन करताय. प्रबंध इंग्रजीत लिहायचाय आणि नोंदवहीत मराठी संवाद आहेत. दिवेघाटात एक म्हातारी वारकरीण बंदोबस्तावरच्या तरुण पोलिसाला विचारते, “माउली, माउली कुठवर आले?” हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण वारीत गेलात तर अशी वाक्यं दिवसातून पन्नासदा कानावर पडतील. याचं इंग्रजी कसं कराल?

शब्दकोश उघडला तर ‘माउली’पुढे ‘मदर’ सापडतो. तो घालून बघा: “मदर, हाऊ फार हॅज मदर कम?” वाचणाऱ्याला वाटेल की एखादं हरवलेलं मूल आईला आईबद्दलच विचारतंय. म्हातारी, पोलीस, ज्ञानेश्वर, तिघंही गायब! व्याकरणाची चूक एकही नाही, तरी वाक्य खोटं झालंय.

कुठे बिघडलं ते नीट पाहू. या छोट्या वाक्यात ‘माउली’ दोनदा आलाय आणि दोन्ही वेळा वेगळं काम करतोय. पहिली ‘माउली’ म्हणजे समोरच्या माणसाला मारलेली हाक. वारीत ती कोणीही कोणालाही मारतं. बाई असो, बाप्या असो, लहान असो, म्हातारा असो. दुसरी ‘माउली’ म्हणजे ज्ञानेश्वर. आणि तिथलं क्रियापद बघा, ‘आली’ नाही, ‘आले’. शब्द स्त्रीलिंगी, क्रियापद मात्र आदरार्थी पुल्लिंगी. आई म्हणायचं आणि तो पुरुष आहे हेही विसरायचं नाही, ही दोन्ही कामं मराठी एका ‘आले’त उरकते. इंग्रजी भूतकाळी क्रियापदाला लिंग नसतं, त्यामुळे ही खूण तिथे पुसली जाते.

विठ्ठलाला ‘माउली’ म्हणतात तेव्हा उलटं घडतं. विठ्ठल देव पुरुष, पण ‘विठाई माउली’ धावून ‘येते’. म्हणजे क्रियापदावरूनच तुम्हाला बऱ्याचदा कळतं की इथे कोणाबद्दल बोलणं चाललंय. अनुवादाला बसण्याआधी नोंदींतली प्रत्येक ‘माउली’ शोधा आणि तिच्या पुढचं क्रियापद अधोरेखित करा. अर्धं काम तिथेच होतं.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय शब्द निवडता येणार नाही. पुरुषाला आई म्हणणं ही वारीतल्या आजच्या बोलीची गंमत नाही. खुद्द ज्ञानेश्वरीत (1290) बाराव्या अध्यायाच्या सुरुवातीला ज्ञानेश्वर गुरूच्या कृपादृष्टीला आई मानून हाक मारतात, आणि त्यांचे गुरू म्हणजे थोरले भाऊ निवृत्तिनाथ. कासवी नुसत्या नजरेने पिलांना पोसते, ही प्रतिमाही संतवाङ्मयात पुन्हापुन्हा येते. थोडक्यात, इथलं आईपण शरीराचं नाही. न मागता, न मोजता सांभाळणं, हा त्याचा गाभा. म्हणूनच घरात मुलगा रोजच्या हाकेत आईला ‘आई’ म्हणतो, सहसा ‘माउली’ म्हणत नाही.

इंग्रजी ‘मदर’ची वाट वेगळी आहे. ख्रिस्ती परंपरेमुळे धर्माच्या संदर्भात ‘मदर’ म्हटलं की वाचकापुढे मठातली जोगीण उभी राहते. ‘सेंट’ लिहिलं तर ज्ञानेश्वर पुरुष राहतात, पण माया जाते. ‘डिअर वन’ लिहिलं तर माया राहते, पण आई जाते. एकेरी शब्द कुठलाही घ्या, काहीतरी सांडतंच.

मग वाक्यांशाकडे या. ज्ञानेश्वरांसाठी “अवर मदर ज्ञानेश्वर” चालतं. ‘अवर’मुळे जिव्हाळा येतो, नावामुळे व्यक्ती पक्की होते. पोलिसाला मारलेल्या हाकेसाठी मात्र वेगळी सोय लागते. तिथे मूळ शब्द ठेवा आणि वाक्यांश निवेदकाच्या तोंडी द्या. पूर्ण वाक्य असं होईल:

“माउली,” शी सेड टु द यंग कॉन्स्टेबल, कॉलिंग हिम मदर अ‍ॅज पिल्ग्रिम्स ऑन दिस रोड कॉल एनीवन, “हाऊ फार हॅज अवर मदर ज्ञानेश्वर कम?”

लांब झालं, मान्य. पण काय साधलं ते बघा. स्पष्टीकरण अवतरणचिन्हांच्या बाहेर आहे. म्हातारीने जे म्हटलं नाही ते तिच्या तोंडी गेलं नाही. ललित अनुवादात ही मोकळीक घेता येईल, पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला अवतरणचिन्हं हा पुरावा असतो. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मात्र आपण तिच्या वाक्यात घातलंय, तेव्हा पहिल्याच ठिकाणी तळटीप देऊन तसं सांगा. असा वाक्यांश प्रबंधात एकदाच लागतो. पुढे ‘माउली’ तसाच लिहिला तरी वाचक ओळखतो.

आणखी एक मोह टाळा. प्रत्यक्षात रथातून पालखी येते आणि पालखीत पादुका असतात, म्हणून ‘द पालँक्विन’ लिहावंसं वाटतं. पण म्हातारी पालखी कुठवर आली असं विचारत नाहीये. तिच्या लेखी स्वतः ज्ञानेश्वर चालत येताहेत, आणि त्यांनी आळंदीला समाधी घेतली 1296 मध्ये! ‘कम’ हे क्रियापद सोडलंत तर तिची श्रद्धाच संपादित केल्यासारखं होईल.

वाक्यांशाचा धोकाही आहे, आणि तो मोठा आहे. एका शब्दात अर्थ सांडतो, वाक्यांशात नको तो अर्थ भरला जातो. हाक समजावताना “अ‍ॅज इक्वल्स”, म्हणजे ‘समान मानून’, हे दोन शब्द हळूच घालावेसे वाटतात. सगळे एकमेकांना माउली म्हणतात म्हणजे सगळे समान, असा सरळ हिशोब. पण इरावती कर्वे यांचा वारीवरचा लेख वाचा. त्याचं इंग्रजी रूप 1962 मध्ये ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आलं. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा यांचं जेवणखाण वेगळं होतं आणि ते त्यांना टोचलं, हे त्यांनी लिहून ठेवलंय. ‘माउली’ ही हाक आणि वेगळ्या पंगती एकाच रस्त्यावर नांदत होत्या. त्या हाकेतून समानता किती आली, हा तुमच्या प्रबंधाचा प्रश्न असू शकतो. त्याचं उत्तर अनुवादातच देऊन टाकलंत तर पुढची दोनशे पानं कशाला?

वाक्यांश जमला की नाही हे तपासायला मराठी न येणाऱ्या एखाद्याला इंग्रजी वाक्य द्या आणि तीन गोष्टी विचारा. हाक कोणाला मारली? येतंय कोण? ते एकमेकांचे नातेवाईक आहेत का? पोलिसाला, ज्ञानेश्वर, आणि नाही, अशी उत्तरं आली तर वाक्यांश उभा आहे. तिसऱ्या प्रश्नावर तो थांबला आणि “नाही, पण बोलतात तसे” असं म्हणाला, तर ‘माउली’ पोचली म्हणायची.