घड्याळावरचे '१७ ज्वेल्स' म्हणजे नेमकं काय?

खर्ड्यात कुणाच्या घरी आजोबांचं चावीचं एचएमटी जनता निघालं, तर त्यावर '१७ ज्वेल्स' दिसेल. हे शोभेचे खडे नाहीत, कृत्रिम माणकाचे बारीक तुकडे आहेत. चाकांच्या आसांची टोकं त्यात फिरतात, त्यामुळे घर्षण आणि झीज कमी होते. हिशोब असा: चार चाकांच्या दोन्ही टोकांना मिळून आठ, पॅलेटचे चार, बॅलन्स व्हीलचे पाच. झाले सतरा!

साध्या चावीच्या घड्याळाला एवढे पुरतात. ऑटोमॅटिकमध्ये चाकं वाढतात, म्हणून तिथे २१ किंवा २५ असतात. १९६०च्या दशकात तर १०० ज्वेल्सची घड्याळंही निघाली. त्यातले बरेच खडे नुसते बसवलेले, कामाचे नाहीत. जुनं घड्याळ घेताना आकड्यापेक्षा सर्व्हिसिंग कधी झालं ते विचारा. आतलं तेल वाळलं असेल तर कितीही ज्वेल्स असोत, घड्याळ अडखळणारच.