भिंतीवरची चुगलखोर काच

आजच्या भागाची सुरुवात सोलापूर जिल्ह्यातल्या माझ्या आत्याच्या घरापासून करतो, आणि मग आपण थेट इटलीला जाऊ. दोन्हीकडे प्रश्न एकच आहे: भिंतीला भेग पडलीय हे तर दिसतंय, पण ती अजून हलतेय का?

आत्याच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपी गेलेली एक भेग होती. एका कंत्राटदाराने नोव्हेंबरमध्ये त्या भेगेवर काचेची छोटी पट्टी आडवी ठेवली, दोन्ही टोकं सिमेंटने चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. फेब्रुवारीत पट्टी मधोमध तडकली. "पाया खचतोय, खालून काँक्रीट भरावं लागेल," असं म्हणून त्याने जो आकडा सांगितला, तो ऐकून आत्याने मला फोन केला. "अरे, काच फुटली म्हणजे घर पडणार का रे?"

काच फुटली म्हणजे नेमकं काय कळतं, हा प्रश्न जुना आहे. जगातल्या दोन सगळ्यात प्रसिद्ध घुमटांच्या बाबतीत त्यावरून मोठमोठे लोक भांडलेत.

आधी या पट्टीच्या नावाची गंमत. इंग्रजीत तिला टेल-टेल म्हणतात, म्हणजे चुगलखोर. इटालियनमध्ये तिचं नाव 'स्पिया', म्हणजे हेर. फ्रेंचांनी 'तेम्वां' म्हटलं, म्हणजे साक्षीदार. मला फ्रेंच नाव सगळ्यात योग्य वाटतं. साक्षीदार खरं बोलला तरी त्याने किती पाहिलं, हे विचारावंच लागतं.

आता रोम. सेंट पीटर्सचा घुमट १५९० मध्ये पुरा झाला. दीडशे वर्षांनी त्यात उभ्या भेगा इतक्या दिसायला लागल्या की घुमट पडणार अशी कुजबुज शहरभर झाली. तेव्हा भेगांमध्ये संगमरवराचे तुकडे घट्ट बसवायची पद्धत होती. तुकड्याचा आकार आपल्या डमरूसारखा, दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये बारीक. टोकं दोन्ही बाजूंच्या बांधकामात अडकलेली असायची, त्यामुळे भेग जरा जरी उघडली की ताण बारीक कंबरेवर यायचा आणि तुकडा तिथेच तुटायचा. काचेच्या पट्टीचा हा पूर्वजच म्हणा. आणि रोममधले असे तुकडे तुटले होते.

१७४२ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी तीन गणितज्ञांना अहवाल द्यायला सांगितलं: ल स्यूर, जाकिए आणि बोस्कोविच. तिघांनी गणित मांडलं आणि घुमट बाहेरच्या बाजूला पसरतोय, त्याला लोखंडी कड्या हव्यात, असं सांगितलं. यावर रोममध्ये बरीच टिंगल झाली. मायकेलअँजेलोने गणिताशिवाय घुमट रचला, मग तो दुरुस्त करायला गणित कशाला, असा सूर होता. पुढच्या वर्षी पादुआहून जोव्हान्नी पोलेनी यांना बोलावलं गेलं. त्यांनी घुमटाच्या एका फाकेचे भाग पाडले, प्रत्येक भागाच्या वजनाच्या प्रमाणात दोऱ्यावर वजनं ओवली आणि तो दोरा टांगला. टांगलेल्या दोऱ्याला जो बाक येतो तो उलटा केला, तर दगडातून भार कुठल्या वाटेने खाली जातो ते कळतं. ती वाट घुमटाच्या जाडीच्या आतच बसत होती. म्हणजे भेगा असूनही घुमट उभा राहू शकत होता. भेगांमागे पोलेनींना बांधकामातली कसर, भूकंप, विजा अशी बरीच कारणं दिसली. तरीही कड्या घालाव्यात हे त्यांनाही मान्य होतं, आणि १७४३-४४ मध्ये व्हानव्हितेल्ली यांच्या देखरेखीखाली पाच नव्या कड्या बसल्या.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. फुटलेले तुकडे दोन्ही बाजूंना सारखेच दिसत होते. तुकडा बसवल्यानंतर भेग कधीतरी हलली, एवढंच ते सांगत होते. किती हलली, हळूहळू की एका धक्क्यात, आणि परत मिटली का, यातलं काहीच तुकड्याला माहीत नव्हतं. एकदा तुटला की त्याची साक्ष संपली.

ही अडचण नीट सुटली ती फ्लॉरेन्समध्ये, आणि तिला फार वेळ लागला. ब्रुनेल्लेस्कीचा घुमट १४२० ते १४३६ मध्ये उभा राहिला. त्याला आठ बाजू आहेत आणि मोठ्या भेगा त्यातल्या चार बाजूंवर, खाली जाड खांब असलेल्या भागांवर आहेत. काही ठिकाणी त्या पाच-सहा सेंटीमीटर रुंद आहेत, म्हणजे बोटं सहज आत जातील. १६९० च्या दशकात तिथेही समिती बसली. गॅलिलिओचे शेवटचे शिष्य व्हिव्हियानी तिच्यात होते. समितीने लोखंडी साखळ्या सुचवल्या. विरोध झाला, वाद लांबला आणि साखळ्या काही बसल्या नाहीत.

१९३० च्या दशकात आणखी एक समिती आली. तिने भेगा सलग मोजल्या तेव्हा दिसलं की त्या ऋतूंबरोबर उघडतात आणि मिटतात. एवढा मोठा घुमट वर्षातून एकदा श्वास घेतो म्हणा. तापमानानेच भेगा पडल्या, असा निष्कर्ष त्या समितीने काढला. १९५५ पासून भेगांवर २२ यांत्रिक मोजपट्ट्या बसवून वर्षातून चार वेळा नोंद घ्यायला लागले, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी आपोआप नोंद करणारी शे-दीडशेहून जास्त उपकरणं लागली. या लांबलचक नोंदींमुळे दोन हालचाली वेगळ्या करता आल्या. एक म्हणजे दरवर्षी जाऊन परत येणारी, तापमानाची. दुसरी म्हणजे तिच्या खाली लपलेली, फार संथ, परत न येणारी. नंतरच्या अभ्यासकांनी मूळ कारण घुमटाचं स्वतःचं वजन असल्याचं मांडलं. तापमान त्याच भेगांना वर्षभर हलवत राहतं. पन्नास काचा लावल्या असत्या, तर त्या सगळ्या पहिल्याच वर्षी फुटल्या असत्या आणि यातलं काही कळलं नसतं.

असं का? काच ताणली की जवळजवळ लगेच तुटते. पट्टीचा न चिकटवलेला मधला भाग समजा चार-पाच सेंटीमीटर आहे. तो मिलिमीटरचे दोन-तीन शतांश भाग ताणला गेला तरी फुटायला पुरतो. आपला केससुद्धा याहून जाड असतो. आणि साध्या, धडधाकट घराची जुनी भेग उन्हाळ्या-पावसाळ्यात याच्या कितीतरी पट हलते. म्हणून घट्ट चिकटलेली काच बहुतेक घरांत फुटणारच. उलटंही होतं. ओलाव्याने सिमेंटची पकड सुटली किंवा पट्टी भिंतीऐवजी सुट्या गिलाव्यावर चिकटवली, तर भेग खुशाल उघडते आणि काच शाबूत राहते. ही चूक जास्त घातक आहे, कारण घरातले निर्धास्त होतात. म्हणून फुटलेली असो वा अखंड, आधी पट्टीची दोन्ही टोकं बोटाने हलवून बघायची.

परत आत्याकडे येऊ. तिचं घर काळ्या मातीवर आहे. ही माती उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसात ती फुगते. पाया उथळ असेल तर वरची भिंतही थोडी खाली-वर होते. पट्टी लावली होती नोव्हेंबरमध्ये, माती ओली असताना, आणि फुटली फेब्रुवारीत, माती सुकायला लागल्यावर. कंत्राटदार खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. त्याने साक्षीदाराला एकच प्रश्न विचारला होता, बस.

मी भेगेच्या दोन बाजूंना, गिलावा खरवडून, विटेत प्लग ठोकून पितळी स्क्रू बसवले. एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक, असा त्रिकोण. दोनच स्क्रू असते तर भेग उघडली एवढंच कळलं असतं. तिसऱ्यामुळे एक बाजू दुसरीच्या तुलनेत खाली सरकतेय का, तेही दिसतं. डिजिटल कॅलिपरने स्क्रूच्या डोक्यांमधलं अंतर मोजायचं, प्रत्येक वेळी तीनदा, आणि सरासरी लिहायची. बाजारात दोन पारदर्शक पट्ट्यांचं गेजही मिळतं, एकीवर मिलिमीटरची जाळी आणि दुसरीवर लाल फुली. ते वाचायला सोपं आहे, पण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक काही त्यावर नीट दिसत नाही.

भेगेला आडव्या अंतराचे आकडे सांगतो. फेब्रुवारीत ८२.४ मिलिमीटर. मेअखेर ८३.६. इथे आत्या घाबरली होती, मीही थोडा. तीन महिन्यांत १.२ मिलिमीटर! इथेच थांबलो असतो तर कंत्राटदाराचं म्हणणं सिद्ध झालं असतं. ऑगस्टमध्ये ८२.१. नोव्हेंबरमध्ये ८२.२. पुढच्या फेब्रुवारीत ८२.५ आणि मेअखेर परत ८३.६. तिरपं अंतरही तसंच गेलं आणि परत आलं.

तुलना करायची ती मागच्या नोंदीशी नाही, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. फेब्रुवारी ते फेब्रुवारी फरक ०.१, आणि एवढी चूक तर माझ्या हाताचीच होऊ शकते. मे ते मे फरक शून्य. दुसऱ्या मेमध्ये ८४.४ आलं असतं तर मी स्वतःच त्या कंत्राटदाराला फोन केला असता.

एक मर्यादा मात्र सांगायलाच हवी. वर्षभर वाट बघायची ही चैन संथ भेगेलाच परवडते. आठवड्यागणिक भेग डोळ्यांना रुंद दिसत असेल, दरवाजे अचानक अडकायला लागले असतील, शेजारी खोल खोदकाम चालू असेल किंवा भेग खांब-तुळईत असेल, तर मोजत बसू नका. आधी तिथून बाजूला व्हा, मग स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. शेजारच्या खोदकामाच्या वेळी मात्र काच खरंच कामाची असते, कारण तेव्हा "काल रात्रीत काही हललं का" एवढंच विचारायचं असतं.

आत्याने शेवटी पायाला हात लावला नाही. भिंतीलगत साचणारं पावसाचं पाणी दूर नेणारी नाली केली आणि भेग ऑगस्टमध्ये न भरता मेमध्ये, पूर्ण उघडी असताना, लवचिक सीलंटने भरली. स्क्रू तिथेच आहेत. फुटलेली पट्टीही तशीच आहे, शेजारी पेन्सिलीने लिहिलेल्या तारखेसकट. ती काढू का विचारलं तर म्हणाली, "राहू दे रे, आलेल्या-गेलेल्याला दाखवते."