दाबून पाहणे आणि चेतवून पाहणे

लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील टॉमस अ‍ॅडिसन यांनी १८५५ साली ११ रुग्णांच्या आधारे असे मांडले, की मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी नासल्या म्हणजे मनुष्य क्षीण होतो आणि त्याची त्वचा काळवंडते. पुढे हार्वी कुशिंग यांनी याच्या उलट चित्र रेखाटले: वाटोळा चेहरा, बारीक हातपाय, पोटावर जांभळे पट्टे, वाढलेला रक्तदाब, आणि १९३२ साली त्याचे मूळ पोषग्रंथीतील इवल्या अर्बुदात दाखवले.

लक्षणे अशी स्पष्ट झाली, तरी निदान संदिग्धच राहिले. कारण केवळ स्थूल असलेल्या माणसाच्या मूत्रातही या ग्रंथीच्या स्रावाचे अवशेष वाढलेले सापडत. नॅशव्हिलच्या ग्रँट लिडल यांनी १९६० साली ही कोंडी फोडली. पोषग्रंथी एसीटीएच हे संप्रेरक धाडून अधिवृक्काला कॉर्टिसॉल करण्याचा हुकूम देते आणि कॉर्टिसॉल पुरेसे झाले की तो हुकूम आवरते. तेव्हा डेक्सामेथासोन हे कृत्रिम स्टेरॉइड दर सहा तासांनी ०.५ मिलिग्रॅम असे दोन दिवस दिले, तर निरोगी शरीर आपला स्राव थांबवील, रोगी शरीर जुमानणार नाही, असा त्यांचा तर्क होता. आज बहुधा रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम देऊन सकाळी ८ वाजता रक्त तपासतात, कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली उतरले नाही, तर संशय बळावतो. मात्र फेनिटॉइन घेणाऱ्याच्या शरीरात डेक्सामेथासोन लवकर नष्ट होते आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी कॉर्टिसॉलचे वाहक प्रथिन वाढते, म्हणून तेथे हा निकाल फसवा ठरू शकतो.

न्यूनतेचा संशय असेल, तर हाच तर्क उलटा चालतो. समजा, एका स्त्रीच्या तळहाताच्या रेषा व हिरड्या काळ्या पडल्या आहेत, सोडियम उतरले आहे, पोटॅशियम चढले आहे आणि सकाळचे कॉर्टिसॉल अवघे ३ आहे. तिला कृत्रिम एसीटीएच २५० मायक्रोग्रॅम टोचले आणि अर्ध्या तासाने, जुन्या मापनपद्धतीप्रमाणे १८ अपेक्षित असता, कॉर्टिसॉल ४ वरच राहिले. तिचे स्वतःचे एसीटीएच भरमसाट असेल, तर दोष अधिवृक्कातच आहे: स्वप्रतिकार, किंवा आपल्याकडे विसरू नये असा क्षय. दोष पोषग्रंथीत असता, तर एसीटीएचअभावी त्वचा काळवंडली नसती. आणि अल्डोस्टेरॉनवर रेनिनचा अंमल असल्यामुळे पोटॅशियमही बिघडले नसते.

दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याच्या ठायी या दोन्ही अवस्था एकत्र नांदतात. बाहेरून चेहरा कुशिंगच्या वर्णनातला; पण हुकूम बंद पडल्यामुळे आतली ग्रंथी सुकलेली, आणि म्हणून चेतवूनही निरुत्तर. अशा माणसाने गोळ्या एकाएकी सोडल्या, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतते. त्या गोळ्या वैद्याच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवाव्या लागतात.