जासई-उलवेत दुसरा फ्लॅट घ्यावा की तेच पैसे फंडात टाकावेत? हिशोब मांडून बघू

'अटल सेतू झाला, विमानतळ आला, आता नाही घेतला तर कधीच नाही.' उरण तालुक्यातल्या जासईच्या नाक्यावर उभं राहिलात तर हे वाक्य कानावर पडतंच. जासईच्या एका अंगाला उलवे, दुसऱ्या अंगाला द्रोणागिरी, आणि दोन्हीकडे नव्या इमारतींचे बोर्ड. जानेवारी २०२४ मध्ये एकाच दिवशी अटल सेतू खुला झाला आणि खारकोपरच्या पुढे उरणपर्यंत लोकलही धावू लागली. त्यामुळे राहतं घर असलेली बरीच मंडळी इथे दुसरा फ्लॅट बघतायत. घेतला की भाड्याने द्यायचा, महिन्याला पैसे येतील आणि किंमतही वाढेल, असं साधं गणित असतं. पण तेवढेच पैसे म्युच्युअल फंडात टाकले तर?

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, त्यांच्या जागी तुमचे आकडे टाका.

समजा, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला तयार फ्लॅट ६० लाखांना मिळतोय. तयार असल्यामुळे जीएसटी नाही. मुद्रांक शुल्क ६ टक्के धरलं तर ३ लाख ६० हजार, नोंदणीचे ३० हजार, दलाली ६० हजार. पंखे, ग्रील, गिझर, रंगकाम यात लाखभर जातातच. म्हणजे खिशातून गेले ६५ लाख ५० हजार. पुढचा सगळा हिशोब याच रकमेवर करायचा, ६० लाखांवर नाही. पहिली गफलत इथेच होते.

भाडं धरू महिना १४ हजार. दलाल सांगतो, 'वर्षाला १ लाख ६८ हजार, म्हणजे २.८ टक्के.' पण एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत सरासरी महिनाभर फ्लॅट रिकामा राहतो. मग उरले १ लाख ५४ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना अडीच हजार धरला तर वर्षाचे ३० हजार. मालमत्ता कर ८ हजार, दलाली आणि भाडेकराराची नोंदणी ७ हजार, गळती-दुरुस्ती ९ हजार. हातात राहिला बरोबर १ लाख.

आता आयकर. मिळालेल्या भाड्यातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्यावर ३० टक्क्यांची सरसकट वजावट मिळते. प्रत्यक्षात मेंटेनन्स, दुरुस्ती कितीही झाली तरी वजावट तेवढीच. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर उपकरासह साधारण २१ हजार कर बसतो. शेवटी उरले ७९ हजार. ६५ लाख ५० हजारांवर हे १.२ टक्के झाले. महिन्याला साडेसहा हजारांच्या आसपास!

इतकं कमी का? कारण भाडं आणि किंमत वेगवेगळ्या खिशांतून येतात. भाडं देणारा माणूस बंदरात, गोदामात किंवा बेलापूरच्या ऑफिसात नोकरी करतो आणि आजच्या पगारातून भाडं भरतो. किंमत मात्र उद्याच्या आशेवर ठरते. नवी मुंबई विमानतळाला केंद्राची तत्त्वतः मंजुरी २००७ मध्ये मिळाली, उद्घाटन झालं ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधल्या अठरा वर्षांत 'विमानतळ येतोय' हे वाक्य विक्रीच्या दरात कितीदा मोजून झालं असेल, विचार करा.

आता दुसरी बाजू. हेच ६५ लाख ५० हजार इक्विटी इंडेक्स फंडात टाकले. परतावा वर्षाला १० टक्के धरू. हे फक्त गृहीतक आहे, याची हमी कुणी देत नाही. दहा वर्षांनी रक्कम होते सुमारे १ कोटी ७० लाख. वर्षभरापेक्षा जास्त ठेवलेल्या इक्विटी फंडावर सव्वा लाखापुढच्या नफ्याला १२.५ टक्के कर आहे. तो आणि उपकर भरून हातात राहतात साधारण १ कोटी ५६ लाख.

फ्लॅटला याची बरोबरी करायची तर काय व्हावं लागेल? भाडं दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढलं आणि हातात उरलेलं सगळं तुम्ही त्याच फंडात टाकत गेलात, तर दहा वर्षांत त्याचे कर भरून साडेचौदा लाखांच्या आसपास होतील. बाकीचे १ कोटी ४२ लाख फ्लॅट विकून यायला हवेत, तेही विक्रीची दलाली आणि नफ्यावरचा १२.५ टक्के कर भरल्यावर. उलटा हिशोब केला की फ्लॅट किमान १ कोटी ५५ लाखांना विकला जायला हवा. म्हणजे ६० लाखांची किंमत सलग दहा वर्षं, दरवर्षी जवळपास १० टक्क्यांनी वाढायला हवी. (मोठ्या नफ्यावरचा अधिभार दोन्हीकडे धरलेला नाही. फंड थोडा थोडा करून वेगवेगळ्या वर्षांत विकता येतो, त्यामुळे तो टाळणं तिथे सोपं जातं.)

गंमत म्हणजे फंडाचा परतावा ८ टक्के धरला तर फ्लॅटलाही सुमारे ८ टक्केच वाढावं लागतं, १२ धरला तर १२. थोडक्यात, या उदाहरणात भाडं तुमचं उत्पन्न बनत नाही. खरेदी-विक्रीचा खर्च आणि कर भागवण्यातच ते संपतं. त्यामुळे 'भाडं किती येईल?' यापेक्षा 'इथली किंमत दहा वर्षं फंडाच्या वेगाने वाढेल का?' हा खरा प्रश्न आहे.

मग फंडच घ्यावा? थांबा. जानेवारी २००८ मध्ये २०,८०० च्या वर बंद झालेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या खाली आला होता. तशी वेळ आली तर तुमचे साडेपासष्ट लाख मोबाईलवर २६ लाखांच्या आसपास दिसतील. तेव्हा घाबरून विकणारा माणूस वरच्या १० टक्क्यांना कधीच पोहोचत नाही. फ्लॅटची किंमत पडली तरी रोज सकाळी स्क्रीनवर दिसत नाही, म्हणून लोक तो धरून ठेवतात. हा फ्लॅटचा फायदा खराच आहे. उलट बाजूने, घरात अचानक ५ लाख लागले तर फंडातून तेवढेच काढता येतात, फ्लॅटचं बाथरूम तेवढं विकता येत नाही.

कर्ज काढून घेणार असाल तर आणखी जपून. ४८ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं, म्हणजे हप्ता ४१ हजार ६०० च्या पुढे. भाडं १४ हजार. दर महिन्याला २७ हजारांहून जास्त पगारातून घालायचे, मेंटेनन्स वेगळा. नव्या करप्रणालीत व्याज भाड्यातून वजा होतं, पण त्यातून झालेला तोटा पगारातून वजा करता येत नाही.

आणि जासई परिसरात फंडाला नसलेली एक जोखीम आहे, ती कागदपत्रांची. सिडकोने घेतलेल्या जमिनींसाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली इथे आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि पुढे साडेबारा टक्के योजना आली. अशा भूखंडांवर आज बऱ्याच इमारती आहेत. तिथे फ्लॅट घेताना मूळ वाटपपत्र, सगळ्या वारसांच्या सह्या, सिडको, भूखंडधारक आणि बिल्डर यांच्यातला त्रिपक्षीय करार आणि भोगवटा प्रमाणपत्र बघा. जमीन भाडेपट्ट्याची असेल तर पुढे विकताना सिडकोचं हस्तांतरण शुल्क किती पडेल हेही आधीच विचारून घ्या, वरच्या हिशोबात ते धरलेलं नाही. गावठाणालगतच्या, परवानगीशिवाय उभ्या राहिलेल्या इमारतीत तोच फ्लॅट निम्म्या किमतीत मिळतो आणि भाडंही जवळपास तेवढंच येतं, त्यामुळे कागदावर टक्केवारी झकास दिसते. पण त्या फ्लॅटवर बँका सहसा कर्ज देत नाहीत, आणि तुमच्याकडून तो विकत घेणाऱ्यालाही मिळणार नाही.