कोकण रेल्वे : निर्णय कोणाच्या टेबलावर?

पनवेलकरांना एक गोष्ट आठवत असेल. दिवा-पनवेल रेल्वे साठच्या दशकात आली आणि पुढे रोह्यापर्यंत गाडी जायला १९८६ साल उजाडलं. मग रोह्यापासून मंगळूरपर्यंतची जवळपास साडेसातशे किलोमीटरची वाट, तीही सह्याद्रीच्या पायथ्याची, १९९८ मध्ये पुरी कशी झाली? आम्ही या प्रश्नाकडे अभियांत्रिकीच्या अंगाने बघत नाही. निर्णय कोणाच्या टेबलावर होत होते, एवढंच विचारतो.

जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. भांडवलात केंद्राच्या रेल्वे खात्याचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. हे फक्त पैशाचं गणित नव्हतं बरं का. जमीन संपादन करायची ती राज्याच्या यंत्रणेनेच. म्हणून ज्यांच्यावाचून काम अडेल, ते सगळे संचालक मंडळात बसवले. आजच्या भाषेत ही सुकाणू समिती. सुकाणू धरणाऱ्याने वल्ही मारायला जायचं नसतं. तो गेला की होडी गोल फिरते.

वल्ही होती सात मुख्य अभियंत्यांच्या हातात. मार्गाचे सात विभाग पाडले, प्रत्येकी साधारण शंभर किलोमीटरचे, आणि जागेवरचे निर्णय जागेवरच घ्यायचे अधिकार त्यांना दिले. या दोघांच्या मध्ये, आपल्या शेजारी बेलापूरला, ई. श्रीधरन यांचं मुख्यालय. आज ज्याला पीएमओ म्हणतात (पंतप्रधानांचं नव्हे, प्रकल्पाचं!) त्याचं काम तिथे चाले. कार्यालयांत उलटी चालणारी घड्याळं लावलेली, किती दिवस उरले ते दाखवणारी. बराचसा पैसा रोख्यांतून उभा केलेला, त्यामुळे लांबलेल्या प्रत्येक दिवसाचं व्याज चढत होतं. एरवी सरकारी खात्यात दिरंगाईची किंमत कोणाच्या वहीत लिहिली जात नाही. इथे ती लिहिली जात होती.

पण गोव्यात ही रचना अडली. रूळ किनाऱ्यालगतच्या वस्तीतून आणि खाजण जमिनीतून नेऊ नयेत, असं तिथल्या अनेकांचं म्हणणं होतं. हा तंटा मुख्य अभियंत्याच्या अधिकारातला नव्हता. संचालक मंडळाच्याही नव्हता, कारण तिथे गोवा सरकार बसलेलं होतं, विरोध करणारा गोवेकर नव्हता. प्रकरण केंद्राकडे गेलं, १९९३ मध्ये तिथलं काम थांबलं आणि न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे चौकशी सोपवली गेली. शेवटी मार्ग बहुतांशी तोच राहिला.

त्याच गोव्यात पेडण्याच्या बोगद्यात मऊ, ओली माती वारंवार ढासळत होती. उशीर तिथेही झाला, पण त्या उशिराला मालक होता: अडचण कुठे आहे आणि उत्तर कोणी शोधायचं, हे विभागाला ठाऊक होतं. १९९८ च्या जानेवारीत सलग मार्ग खुला झाला, तो तो बोगदा पुरा झाल्यावरच.