उत्तरांगस्वीकार दोष
तर्कशास्त्रातील एक आकारिक तर्कदोष. ‘संख्येला ४ ने भाग जात असेल, तर ती सम असते’ या विधानात ‘असेल’पर्यंतचा भाग पूर्वांग व उरलेला उत्तरांग होय. १२ ला ४ ने भाग जातो, म्हणून १२ सम आहे. येथे पूर्वांग स्वीकारून उत्तरांग मिळते. ७ सम नाही, म्हणून ७ ला ४ ने भाग जात नाही. येथे उत्तरांग नाकारून पूर्वांग नाकारले जाते. हे दोन्ही अनुमान-नियम वैध आहेत. मात्र ‘संख्या सम आहे, म्हणून तिला ४ ने भाग जातो’ हे उत्तरांग स्वीकारून पूर्वांग काढणारे अनुमान अवैध होय; हाच उत्तरांगस्वीकार दोष. ६ हे त्याचे प्रत्युदाहरण: आधारविधाने खरी, निष्कर्ष खोटा. ८ बाबत निष्कर्ष खरा निघतो, पण तो आधारविधानांतून निष्पन्न होत नाही.