यंत्रानुवादित सूचना

अ‍ॅप किंवा संकेतस्थळावरील बटणे, रकाने व इशारे यांचा यंत्राने केलेला आणि माणसाने न तपासलेला अनुवाद. त्यातली मराठी बहुधा शुद्ध असते, आणि घोटाळा तिथेच होतो : अशुद्ध मजकुरावर वाचणारा थबकतो, शुद्ध मजकुरावर विश्वास ठेवतो.

पडद्यावरचा मजकूर प्रोग्रामपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. अनुवाद करणाऱ्या यंत्राला तेवढी फाइल मिळते. शब्द बटणावर येणार की मथळ्यात, हे दिसत नाही. ‘गेटटेक्स्ट’ पद्धतीत तर मूळ इंग्रजी मजकूर हीच नोंदीची ओळख असते. त्यामुळे `Order` हा शब्द मागणीसाठी व क्रमासाठी, दोन्हीकडे वापरला आणि संदर्भाची ओळ जोडली नाही, तर दोन्ही जागी एकच मराठी शब्द उमटतो. ती ओळ जोडलेली नोंद अशी असते :

```
msgctxt "button"
msgid "Clear"
msgstr "पुसून टाका"
```

पहिली ओळ गाळली, की ‘स्पष्ट’ असा अनुवाद येऊ शकतो.

समजा, रत्नागिरीचा बागायतदार हापूसच्या पेट्या मुंबईला पाठवण्यासाठी असे अ‍ॅप उघडतो. नाव, पत्ता, पेट्यांची संख्या भरून झाल्यावर खाली दोन बटणे दिसतात : ‘पुस्तक’ आणि ‘स्पष्ट’. तपशील स्पष्ट आहेत असे समजून त्याने दुसरे दाबले, की सगळा अर्ज कोरा. बटण काम सांगते, म्हणून त्यावर क्रियापद हवे. नाम किंवा विशेषण दिसले, की संशय घ्यावा. मग त्या मराठी शब्दामागे कोणता इंग्रजी शब्द असेल आणि त्याचा दुसरा अर्थ या जागी बसतो का, हे पाहावे. पुस्तकामागे `Book` म्हणजे बुकिंग, स्पष्टमागे `Clear`. अर्जाखाली हीच जोडी शोभते.

सर्वांत घातक चौकट ‘ऑर्डर रद्द करायची?’ ही होय. तिच्याखाली ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’ अशी बटणे असतात. येथे क्रियापद आहे, म्हणून वरची खूण कामाची नाही. मूळ `Cancel` चौकटीपुरते असते : ते दाबल्यास चौकट बंद होते, ऑर्डर तशीच राहते. ऑर्डर ‘ठीक आहे’ने जाते. दोष यंत्राचा कमी, प्रश्न व बटण यांना एकच शब्द देणाऱ्या मूळ लेखकाचा अधिक. अशा वेळी फोनचे मागे जाण्याचे बटण दाबावे. बहुतेक अ‍ॅपमध्ये त्याने काही न बदलता चौकट मिटते.

पैसे देणे, परवानगी देणे किंवा नोंद पुसणे असेल, तर अंदाजावर जाऊ नये. अँड्रॉइड १३ (२०२२) पासून, अ‍ॅपने सोय दिली असल्यास, फक्त त्या अ‍ॅपची भाषा सेटिंग्जमधून बदलता येते. ती घटकाभर इंग्रजी करून मूळ शब्द वाचावा आणि मगच बटण दाबावे.